मशीन रोज धुऊनही दूध नासतंय? आधी पाणी किती गरम ते बघा

आमच्याकडे सात संकरित गाई आणि एक बकेटवालं मिल्किंग मशीन आहे. फलटण तालुक्यातला साधा गोठा. मशीन घेतल्याला वर्ष होत आलं आणि डिसेंबरात पहिल्यांदा दूध परत आलं. चार दिवस बरे गेले, पुन्हा परत आलं. मशीन आम्ही रोज दोन्ही वेळा धुवत होतो, तेही उकळत्या पाण्याने, म्हणून धुण्यात चूक असेल हे डोक्यातच आलं नाही. आधी गाईंवर संशय घेतला, कासदाहाची तपासणी करून घेतली, सगळ्या गाई ठीक निघाल्या. मग किटली बदलली. मग संकलन केंद्रावर वाद घातला.

तिथल्या काकांनी वाद न घालता एक साधी गोष्ट केली. एका गाईची धार हाताने काढून वेगळी आणायला सांगितली आणि ती व मशीनचं दूध अशा दोन परीक्षानळ्यांत मिथिलीन ब्लूचा निळा रंग घालून कोमट पाण्यात ठेवल्या. दुधात जंतू जितके जास्त तितका हा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. हाताच्या धारेची नळी आम्ही जेवून आलो तरी निळीच होती. मशीनच्या दुधाची तीस मिनिटांच्या आत पांढरी झाली. गाय तीच आणि वेळही तीच, म्हणजे खोट मशीनमध्ये होती.

तुमच्याकडे असंच होत असेल तर हीच चाचणी आधी करा. केंद्रावर सोय नसेल तर दोन्ही दुधं वेगवेगळ्या स्वच्छ पेल्यांत बाहेर ठेवा आणि दर तासाने थोडं थोडं उकळून बघा. आधी कुठलं फाटतं त्यावरून अंदाज येतो. ही तपासणी न करता औषधं आणि पावडरी बदलत बसलात तर पैसे जातात आणि कारण सापडत नाही.

आत नेमकं काय चिकटलंय ते ओळखा

ओली बादली नेहमी स्वच्छच दिसते. पाण्याच्या पातळ थराखाली सगळं झाकलं जातं. आम्ही बादली, झाकण आणि क्लॉ उन्हात पूर्ण वाळवले, लायनर काढून टॉर्च लावून आतून बघितले, तेव्हा खरं रूप कळलं. झाकणाच्या वाकड्या नळीत पिवळसर, वार्निश मारल्यासारखा चकचकीत पापुद्रा होता. क्लॉच्या तळाशी पांढरट, नखाला खरखरीत लागणारा थर होता. लांब दुधाच्या नळीला आतून बोट लावलं तर ते तुपकट झालं.

हे तीन वेगळे थर आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी आहेत. तुपकट थर हा स्निग्धाचा. पिवळा पापुद्रा प्रथिनांचा. पांढरा खरखरीत थर क्षारांचा, त्याला दुधाचा दगड म्हणतात. त्यात दुधातलं कॅल्शियम असतं आणि बोअरच्या जड पाण्यातलंही. ओळख पटवायला एक युक्ती आहे. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून थरावर पाच मिनिटं दाबून ठेवा. पुसल्यावर थर निघाला तर तो क्षारांचा. निघाला नाही, पण गरम अल्कली डिटर्जंटने चोळल्यावर निघाला, तर स्निग्ध किंवा प्रथिनांचा. आमच्याकडे क्लॉमधला पांढरा थर व्हिनेगरने सुटला, झाकणाच्या नळीतला पिवळा पापुद्रा जागचा हलला नाही. म्हणजे एकाच मशीनमध्ये दोन दुखणी होती, आणि त्यांना एकच औषध चालणार नव्हतं.

पहिली चूक: सुरुवातीलाच उकळतं पाणी

सासूबाई धार झाल्या झाल्या बंबातलं कढत पाणी बादलीत ओतायच्या. मनात एकच, की कढत पाण्याने सगळं मरतं. मी एकदा म्हटलं, "आत्या, आपण दुधाच्या पातेल्यात आधी काय घालतो?" त्या म्हणाल्या, "गार पाणी घालून ठेवायचं, नाहीतर खरवड निघत नाही." आणि स्वतःच थांबल्या.

चिकाचा खरवस वाफेवर कसा घट्ट होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चिकात प्रथिनं भरपूर असतात आणि उष्णतेने ती गोठतात. साध्या दुधातही अशी प्रथिनं असतात, फक्त कमी. धार काढल्यावर नळ्यांत आणि लायनरमध्ये दुधाचा जो ओलावा राहतो त्यावर सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी पडलं की ती प्रथिनं तिथल्या तिथे शिजतात आणि रबराला, स्टीलला धरून बसतात. एका दिवसात काहीच दिसत नाही. महिनाभरात पिवळा पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या आडोशाला जंतू राहतात. आमची एक गाय नोव्हेंबरच्या शेवटी व्यायली आणि तिचा चीकही आम्ही याच बादलीत काढला. त्यावर कढत पाणी. पहिलं दूध परत आलं ते त्यानंतर दोन आठवड्यांनी. आता चिकाची धार हाताने काढतो, किंवा मशीन लावायचंच झालं तर ती गाय शेवटी घेतो.

उलट टोकाला जाऊन नुसत्या गार पाण्याने धुणारेही आहेत. त्यात स्निग्ध गोठून नळीला बसतं. दुधातलं स्निग्ध पूर्ण वितळलेलं राहायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणून पहिलं पाणी 35 ते 40 अंश, म्हणजे हाताला कोमट लागेल इतकंच. आमच्याकडे बंबाचं पाणी साधारण 80 अंश आणि टाकीचं 22 अंश असतं, तेव्हा 7 लिटर गार पाण्यात 3 लिटर कढत मिसळलं की चाळीसच्या जवळ येतं. थंडीत टाकीचं पाणी आणखी गार असतं, तेव्हा अर्धा लिटर कढत जास्त. या पाण्यात डिटर्जंट घालायचं नाही. बादलीतून बाहेर पडणारं पाणी पांढरट दिसायचं थांबेपर्यंत नुसतं ओढू द्यायचं.

आणि हे लगेच करायचं. शेवटची गाय सोडली, चारा टाकला, चहा घेतला आणि मग मशीन धुतलं, तर तोवर नळीतलं दूध वाळतं. लाईट गेली आणि व्हॅक्यूम नाही, तरी कोमट पाणी लायनरमधून हाताने ओतून घ्या. बाकीचं धुणं लाईट आल्यावर झालं तरी चालेल, ही पहिली धुवण थांबत नाही.

दुसरी चूक: डिटर्जंटचं पाणी शेवटी किती गरम होतं?

पहिली चूक सुधारली, जुने थर काढले, आणि तीन आठवड्यांनी नळी पुन्हा तुपकट. या वेळी पिवळा पापुद्रा नव्हता, फक्त तूप.

स्निग्ध आणि प्रथिनं काढायचं काम अल्कली डिटर्जंटचं. डेअरीसाठी मिळणारं, क्लोरीन असलेलं घ्या, क्लोरीनमुळे प्रथिनं सुटायला मदत होते. भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर वापरू नका. त्याचा फेस होतो, फेस व्हॅक्यूमच्या नळीत ओढला जातो आणि वर वासही राहतो. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. आमच्या डब्यावर 10 लिटरला 50 मिली आहे. अंदाजाने झाकणभर टाकणं सोडा, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण जपून ठेवलं तरी काम भागतं.

सुरुवातीला पाणी 70 ते 75 अंश लागतं, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही तसंच घेत होतो. मग तूप कुठून येतं? एके दिवशी थर्मामीटर घेऊन बसले. आम्ही सहाच लिटर पाणी घेत होतो, सुरुवातीला 74 अंश. जितकं जास्त धुवू तितकं बरं, म्हणून वीस मिनिटं ओढत होतो. पहाटेची थंडी, गार फरशी, गार स्टील, त्यात प्रत्येक घोटाबरोबर गार हवा आत जाते. वीस मिनिटांनी मोजलं तर 37. म्हणजे पहिल्या आठ-दहा मिनिटांत सुटलेलं स्निग्ध शेवटच्या दहा मिनिटांत आम्हीच परत नळीला लावत होतो.

म्हणून हे लक्षात ठेवा की अल्कलीचं पाणी फेकताना ते 45 अंशांच्या वर असलं पाहिजे. आम्ही पाणी 10 लिटर केलं, वेळ आठ मिनिटांवर आणली आणि टब फरशीऐवजी पोत्यावर ठेवला. आता शेवटी 48 ते 50 राहतं. ज्यांच्याकडे सोलरचं पाणी आहे त्यांनी विशेष बघावं. संध्याकाळी ते जेमतेम पुरतं आणि पहाटेपर्यंत बरंच निवलेलं असतं. अशांची नळी सकाळच्या धुण्यामुळेच तुपकट होते आणि दोष संध्याकाळच्या माणसावर येतो. थर्मामीटर दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो, काचेचा घेऊ नका, गोठ्यात फुटतो.

पाणी ओढायची रीतही महत्त्वाची. क्लस्टर टबमध्ये बुडवून नुसतं सलग ओढलं तर पाणी नळीच्या तळातून सरळ वाहतं आणि वरची बाजू तशीच राहते. दोन-तीन लिटर ओढलं की क्लस्टर पाण्याबाहेर उचला, एक घोट हवा जाऊ द्या, पुन्हा बुडवा. हवेच्या त्या धक्क्याने पाणी नळीत सगळीकडे आपटतं. बादली अर्ध्याच्या वर भरू देऊ नका, नाहीतर पाणी व्हॅक्यूमच्या बाजूला चढतं. अर्धी झाली की मशीन बंद, पाणी परत टबात, पुन्हा सुरुवात. पल्सेटर मात्र धुण्याआधी काढून कोरड्या फडक्याने पुसायचा, तो पाण्यात घालायचा नाही.

ओढून झालं की ब्रश. झाकणाची वाकडी नळी, गास्केटची खाच, लायनरच्या तोंडाची आतली ओठी आणि क्लॉमधल्या चार तोट्या या जागा नुसत्या वाहत्या पाण्याने साफ होत नाहीत. क्लॉला हवेचं एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं तर धार काढताना दूध क्लॉमध्ये तुंबतं. ते उजेडाकडे धरून बघायचं. तार घालून मोठं मात्र करायचं नाही. मग साध्या पाण्याने खळबळून सगळं डिटर्जंट काढून टाकायचं.

ॲसिड कधी, आणि त्याआधी काय

ॲसिड क्षारांसाठी. त्याने तूप निघत नाही आणि अल्कलीने दगड निघत नाही. बंबाच्या आत पांढरी पुटं धरत असतील, डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर तुमचं पाणी जड आहे आणि आठवड्यातून दोनदा ॲसिड लागेल. मऊ पाणी असेल तर एकदा पुरतं. आमच्याकडे बुधवार आणि रविवार ठरलेले आहेत, भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, नाहीतर विसरतं.

क्रम असा: कोमट पाणी, गरम अल्कली, साधं पाणी, मग ॲसिड, पुन्हा साधं पाणी. ॲसिड आधी घेतलं तर वरच्या तुपाच्या थराखालच्या क्षारापर्यंत ते पोचतच नाही. आमचा जुना थर काढायला आम्ही अल्कली, ॲसिड आणि पुन्हा अल्कली असं सलग केलं, मध्ये दरवेळी भरपूर पाणी. पहिल्या अल्कलीने पिवळा पापुद्रा गेला तेव्हा त्याच्या खाली पांढरा थर उघडा पडला, तो ॲसिडने गेला. एका धुण्यात नाही, तीन दिवस लागले.

ॲसिडही डेअरीचंच, फॉस्फोरिक किंवा नायट्रिकवालं. संडास धुवायचं ॲसिड स्टीलला खातं. नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडवर पाणी नाही. पाण्याची ऊब डब्यावर लिहिलेली असते तीच घ्यायची. हातमोजे घाला. पीएचची पट्टी असेल तर ॲसिडचं पाणी 3 किंवा त्याखाली दाखवतं आणि अल्कलीचं 11 ते 12. जड पाण्यात डब्यावरचं प्रमाण कमी पडतं का, हे पट्टीवरून लगेच कळतं.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. क्लोरीनवालं डिटर्जंट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. आमच्या गड्याने एकदा वेळ वाचवायला अल्कलीचं पाणी न फेकता त्याच टबात ॲसिड ओतलं. डोळे चुरचुरले, ठसका लागला, नशीब की गोठा उघडा होता. बंद खोलीत हे जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून दोन टब, दोन रंगांचे.

बादली ॲल्युमिनियमची असेल तर साधी अल्कली तिला खाते आणि ती काळी पडते. डब्यावर ॲल्युमिनियमला चालते असं स्पष्ट लिहिलं असेल तेच वापरा.

निर्जंतुक करायचं ते धार काढायच्या आधी

पुष्कळ जण धुऊन झाल्यावर लगेच क्लोरीनचं पाणी घालून ठेवतात आणि निश्चिंत होतात. रात्रभर क्लोरीन राहिलं तर रबर खराब होतं, स्टीलला ठिपके पडतात, आणि सकाळपर्यंत त्याचा जोरही संपलेला असतो. धुऊन झाल्यावर सगळं पालथं घालून निथळू द्या. बादली स्टँडवर उलटी, झाकण वेगळं, क्लस्टर लायनरची तोंडं खाली करून सावलीत टांगलेला. उन्हात रबर तडकतं. शेणाच्या ओट्यापासून लांब.

क्लोरीन धारेच्या अर्धा तास आधी. गार पाणी, 10 लिटरला पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 40 मिली, म्हणजे दशलक्षात 200 भाग. याच्या वर जायचं नाही. दोन-तीन मिनिटं मशीनमधून ओढायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. गरम पाण्यात घातलं तर क्लोरीन उडून जातं. हायपोक्लोराइटची बाटली उन्हात ठेवली असेल किंवा जुनी असेल तर तिच्यातही काही उरलेलं नसतं. आणि आत थर असेल तर क्लोरीन वरवर खर्च होतं, आतले जंतू तसेच राहतात. म्हणून आधी कितीही क्लोरीन वाढवलं तरी आमचं दूध नासतच होतं.

हे सगळं करूनही वास राहिला तर

लायनर बघा. नवं लायनर आतून गुळगुळीत असतं. जुनं बोटाला चिकट लागतं, काळं लागतं, उलटं वाकवून बघितलं तर बारीक भेगा दिसतात. त्या भेगांत ना ब्रश जातो ना पाणी. साध्या रबराचं लायनर साधारण अडीच हजार धारांपुरतं असतं. आमच्याकडे एकच क्लस्टर, सात गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 14 धारा. हिशेब 178 दिवसांचा, जेमतेम सहा महिने. आम्ही तेच वर्षभर चालवलं होतं. चारही एकदम बदला, एक-एक नाही, कारण जुनं आणि नवं वेगवेगळं ओढतं.

लायनर फाटलेलं असेल तर दूध शेलच्या आत आणि तिथून पल्सेटरच्या नळीत जातं. ही नळी रोज धुतली जात नाही, त्यामुळे वास कुठून येतोय ते कळतच नाही. बारीक नळ्या एकेक उपसून नाकाशी धरा. आंबूस वास आला तर त्या नळीचं लायनर फाटलंय. ते बदला, नळी कोमट पाण्याने आणि मग डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळवा, आणि व्हॅक्यूमच्या टाकीचं झाकण उघडून तिथेही दूध साठलंय का बघा. आमच्या टाकीत जवळजवळ पेलाभर निघालं होतं, दही झालेलं.